मृत्युपत्रात 'माझा पुतण्या' म्हणजे नेमका कोण?

प्रश्न: बाबा ७६ वर्षांचे आहेत, मृत्युपत्र करायचे म्हणतात. आमच्या भावकीत एकाच नावाचे दोन पुतण्ये आहेत. बहिणीचे लग्नात नाव बदलले. शिवाय आईबाबांनी लहानपणापासून सांभाळलेला एक मुलगा घरात आहे, पण कागदोपत्री दत्तक नाही. बाबा म्हणतात, 'माझी मुलगी, माझा पुतण्या एवढं लिहिलं की झालं, गावाला सगळं माहीत आहे.' एवढ्यावर भागेल का? नाव-नाते किती तपशिलाने लिहायचे?

उत्तर:

भागणार नाही. गावाला माहीत असते हे खरे, पण मृत्युपत्र वाचणारा माणूस गावचा नसतो. तो बदलून आलेला तलाठी असतो, बँकेतला अधिकारी असतो, नाहीतर दहा-पंधरा वर्षांनी खटला ऐकणारा न्यायाधीश असतो. त्याच्या एका हातात मृत्युपत्र असते, दुसऱ्या हातात समोर उभ्या माणसाचे आधार कार्ड. तोंडी काही न विचारता त्याला दोन्ही जुळवता आले पाहिजेत. लाभार्थ्याचे वर्णन लिहिताना मी एवढीच कसोटी लावतो.

तुमच्यासारखेच एक प्रकरण माझ्याकडे होते, तेच उलगडून सांगतो. नावे बदललेली आहेत. शेतकरी गृहस्थ, घरात सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी वकिलाला न विचारता स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिले, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. कागद कायद्याने चोख होता. आत तीन ओळी होत्या: 'माझे शेत माझा पुतण्या संतोष यास द्यावे. राहते घर माझी मुलगी कुमुद हिस द्यावे. बँकेतील ठेव माझ्या नातवास द्यावी.' आबा गेल्यावर या तिन्ही ओळी अडल्या, आणि प्रत्येकीचे कारण वेगळे होते.

आधी शेताचे. आबांच्या थोरल्या भावाच्या मुलाचे नाव संतोष. चुलत भावाच्या मुलाचेही नाव संतोष. आबांची शेती बारा वर्षे कसली ती चुलत भावाच्या मुलाने, शेवटच्या आजारपणात दवाखान्यात रात्री काढल्या त्यानेच. घरात कुणालाही शंका नव्हती की आबांच्या मनातला संतोष हाच. पण फेरफारासाठी अर्ज गेला, नोटिसा निघाल्या आणि सख्ख्या पुतण्याने हरकत घेतली. त्याच्या वकिलाचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता: मराठीत नुसते 'पुतण्या' म्हटले की सख्ख्या भावाचा मुलगा. दुसरा तो चुलत पुतण्या. आबांनी 'चुलत' लिहिलेले नाही, म्हणजे संदिग्धता नाहीच, पुरावा कशाला घेता?

इथे भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधले कलम ८० कामाला येते. मृत्युपत्रातले शब्द वाचायला स्पष्ट आहेत, पण प्रत्यक्षात ते एकाहून जास्त माणसांना लागू पडतात असे बाहेरच्या वस्तुस्थितीवरून दिसले, तर मृत्युपत्रकर्त्याला त्यातला कोण अभिप्रेत होता हे दाखवायला बाहेरचा पुरावा घेता येतो. कायद्यात उदाहरणच दिले आहे: एका माणसाच्या मेरी नावाच्या दोन चुलत बहिणी, आणि तो लिहितो 'माझी चुलत बहीण मेरी हिला इतके रुपये'. तेव्हा कुठली मेरी हे पुराव्याने ठरते. आम्ही पीककर्जाचे कागद लावले, दवाखान्यातल्या भरतीच्या फॉर्मवर 'नातेवाईक' म्हणून असलेली सही दाखवली, आबा दोघांनाही 'आमचा पुतण्या' असेच म्हणत याच्या साक्षी दिल्या. तरीही निकालापर्यंत गेलो नाही. चार वर्षांनी, दोघांचेही पैसे संपत आल्यावर तडजोड झाली आणि ज्याच्यासाठी आबांनी कागद केला त्याला शेताचा तुकडाच मिळाला. 'संतोष' या शब्दापुढे वडिलांचे नाव लिहिले असते तर हरकतीचा अर्जच आला नसता.

घराची गोष्ट सोपी होती, पण तीही सहा-सात महिने अडली. कुमुदचे लग्नात नाव बदलले, तांदळात नवे नाव लिहितात तसे, आणि ती सासरी वैशाली झाली. आधार, पॅन, बँक, मतदार यादी, सगळीकडे वैशाली. कुमुद नावाची बाई कुठल्याच चालू कागदावर नव्हती. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लावायला गेली तेव्हा विचारणा झाली: कुमुद कोण, आणि तुम्ही त्याच कशावरून? सुदैवाने हरकत घेणारे कुणी नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला काढला, विवाहाची नोंद काढली, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र केले. राजपत्रात नावबदल जाहीर केलेला नव्हता, तो केलेला असता तर एका कागदावर काम भागले असते.

तिसरी ओळ सगळ्यात साळसूद दिसते आणि मला सगळ्यात जास्त तीच खटकते. 'माझ्या नातवास.' कागद लिहिला तेव्हा आबांना एकच नातू होता, मुलाचा मुलगा. मरेपर्यंत मुलीलाही मुलगा झाला. मराठीत मुलाचा मुलगाही नातूच आणि मुलीचा मुलगाही नातूच. भाचा-पुतण्याचा फरक करणारी आपली भाषा इथे मात्र मदतीला येत नाही. लिहितानाची परिस्थिती पाहून थोरला नातू ठरवता आला, पण बँकेने ते स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायला नकार दिला, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही.

ही तिन्ही वाक्ये मी कशी लिहिली असती ते पाहा.

'माझे चुलत भाऊ किसन भाऊराव शिंदे यांचा मुलगा संतोष किसन शिंदे, आईचे नाव हिराबाई, जन्मतारीख अमुक, हल्ली राहणार अमुक, आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक अमुक. याच नावाचा माझा सख्खा पुतण्या संतोष बाळासाहेब शिंदे याचा या कलमाशी संबंध नाही.'

'माझी मुलगी, लग्नापूर्वीचे नाव कुमुद रामचंद्र शिंदे, लग्नानंतरचे नाव सौ. वैशाली सुरेश मोरे, आईचे नाव अनसूया, जन्मतारीख अमुक.'

'माझा मुलगा विलास याचा मुलगा रामचंद्र विलास शिंदे, जन्मतारीख अमुक. हे मृत्युपत्र करताना तो अज्ञान आहे.'

पहिल्या वर्णनातले शेवटचे वाक्य लोकांना उर्मट वाटते. 'त्या बिचाऱ्याचं नाव कशाला काढायचं?' असे विचारतात. पण सारख्या नावाचा दुसरा माणूस आहे हे मृत्युपत्रकर्त्याला ठाऊक होते आणि त्याने विचारपूर्वक एकाला निवडले, हे कागदावरच दिसले की वादाची हवाच निघते. तुमच्या दोन पुतण्यांसाठी हे वाक्य टाळू नका. आणि दोघांच्या वडिलांचे नावही सारखेच निघाले, जे मोठ्या भावकीत होते, तर आईचे नाव आणि जन्मतारीख याच दोन गोष्टी उरतात.

आता या वर्णनांत काय कशासाठी आहे ते. माणसाबद्दलच्या काही गोष्टी बदलतात, काही बदलत नाहीत. पत्ता बदलतो, मोबाइल बदलतो, व्यवसाय बदलतो, बाईचे तर आडनाव आणि कधी कधी नावही बदलते. आईवडील, जन्मतारीख आणि जन्माचे नाव बदलत नाही. ओळखीचा खुंटा या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींत ठोकायचा आणि पत्त्यासारख्या गोष्टी सोयीपुरत्या जोडायच्या. वरच्या कुमुदचे उद्या घटस्फोटानंतर नाव पुन्हा बदलले तरी वर्णन शाबूत राहते, कारण ते तिच्या जन्मनावावर उभे आहे. नुसते 'सौ. वैशाली सुरेश मोरे' लिहिले असते तर तसे राहिले नसते.

आधारचा पूर्ण क्रमांक मात्र घालू नका. मृत्युपत्राच्या प्रती पुढे पाच-सहा कार्यालयांत फिरतात, शेवटचे चार अंक जुळवायला पुरतात. जन्मतारीख कागदावरून घ्या, आठवणीतून नको. जुन्या माणसांच्या शाळेतल्या तारखा बऱ्याचदा मास्तरांनी घातलेल्या असतात, तरीही लिहायची तीच, कारण कार्डावर तीच असणार. नाव कार्डावर जसे आहे तसेच, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि घरात वेगळ्या नावाने हाक मारत असतील तर 'ऊर्फ' लावून तेही.

लहान नातवंडांबाबत एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदी शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशा क्रमाने होतात. एकाच घरातल्या थोरल्या नातवाचे नाव तीन शब्दांचे आणि धाकटीचे चार शब्दांचे असू शकते. धाकटीचे नाव सवयीने तीन शब्दांत लिहू नका, जन्मदाखल्यावर आहे तसे उतरवा.

इतके करूनही चूक राहिली तर सगळे बुडते का? नाही. नावात किंवा वर्णनात चूक असली, पण कोण अभिप्रेत आहे हे पुरेसे कळत असेल, तर कलम ७६ प्रमाणे देणगी टिकते. कायद्यातले उदाहरण असे: 'माझा भाऊ जॉन याचा दुसरा मुलगा थॉमस' असे लिहिले, जॉन नावाचा भाऊ एकच, त्याला थॉमस नावाचा मुलगा नाही, पण दुसऱ्या मुलाचे नाव विल्यम आहे. विल्यमला मिळते. त्याच कलमातले दुसरे उदाहरण: 'माझ्या सात मुलांना' असे लिहून नावे सहाच दिली, तरी सातव्याचा वाटा जात नाही. नाव आणि नाते दोन्ही लिहायचे कारण इथे दिसते. एक चुकले तर दुसरे सावरून घेते. नुसते नाव लिहिले आणि त्यातच चूक झाली, तर सावरायला काही उरत नाही.

चूक कागदाच्या तोंडावरच असेल तर मात्र दार बंद. कलम ८१ म्हणते की संदिग्धता किंवा उणीव मृत्युपत्र वाचतानाच दिसत असेल, तर मृत्युपत्रकर्त्याच्या मनात काय होते याचा बाहेरचा पुरावा घेता येत नाही. त्यातले उदाहरण मला फार बोलके वाटते. माणूस आधी लिहितो 'माझी आत्या कॅरोलाइन हिला हजार', मग 'माझी चुलत बहीण मेरी हिला हजार', आणि पुढे 'वर उल्लेखिलेली माझी आत्या मेरी हिला दोन हजार'. त्याला मेरी नावाची आत्याच नाही. ते दोन हजार कुणालाच मिळत नाहीत. म्हणून 'वरील नातू', 'सदर पुतण्या', 'उपरोक्त मुलगी' ही टायपिंगवाल्यांची लाडकी भाषा मी माझ्या मसुद्यातून काढून टाकली आहे. प्रत्येक कलमात पूर्ण नाव पुन्हा लिहायचे. कागद दोन पानांनी वाढला तरी चालेल.

रिकामी जागाही याच कलमात येते. 'सुनेला दिवस गेले आहेत, बाळाचं नाव ठेवलं की भरू' म्हणून जागा सोडून सही केलेला कागद मी पाहिला आहे. ती जागा रिकामी राहिली तर ती देणगी अनिश्चित म्हणून रद्द, आणि सहीनंतर कुणी भरली तर कलम ७१ आडवे येते: सही झाल्यावर केलेली खाडाखोड किंवा भर, तिच्याजवळ मृत्युपत्रकर्त्याच्या आणि साक्षीदारांच्या नव्याने सह्या नसतील तर, धरली जात नाही. नाव सुधारायचे असेल तर पेनाने सुधारू नका, छोटे पुरवणी मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांसह. ज्याला आपण कोडिसिल म्हणतो तेच हे.

आता तुमच्या घरातल्या सांभाळलेल्या मुलाकडे येतो. तुमच्या प्रश्नातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे, आणि इथे नाव नाही, नाते घात करते.

बाबा प्रेमाने लिहितील, 'माझा दत्तक मुलगा अमुक यास अमुक मिळकत देतो.' कागदोपत्री दत्तक नाही. मग कुणीतरी म्हणणार की दत्तकच नाही, तर 'दत्तक मुलाला' दिलेले कसे टिकेल? हा वाद फार जुना आहे. ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय म्हणजे प्रिव्ही कौन्सिल, त्याच्यापुढे १८७६ साली निधूमणी देव्या यांच्या प्रकरणात असाच प्रश्न आला आणि ठरले की मिळकत त्या विशिष्ट व्यक्तीला दिली आहे, ती दत्तकविधीवर अवलंबून नाही. पण १८८५ साली फणींद्र देव रायकत यांच्या प्रकरणात उलटे झाले. तिथे दत्तक टिकला नाही आणि 'दत्तक आहे म्हणून' दिलेले असल्याने मिळकतही गेली. म्हणजे नाते हे ओळख पटवण्यासाठी लिहिले आहे, की देण्याचे कारण म्हणून, यावर सगळे ठरते. हा फरक फार बारीक असतो हे कौन्सिलनेही मान्य केले आणि तो मृत्युपत्राच्या शब्दांवरून आणि परिस्थितीवरून शोधावा असे सांगितले. इतक्या बारीक धाग्यावर मुलाचे घर टांगायचे कशाला?

म्हणून त्याच्याबाबतीत खरे आहे तेच लिहा. जन्मदात्या आईवडिलांची नावे, जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावरचे नाव, आणि मग: 'यास मी व माझ्या पत्नीने तो तीन वर्षांचा असल्यापासून मुलाप्रमाणे सांभाळले आहे. त्यास आम्ही विधिवत दत्तक घेतलेले नाही. त्याचे माझ्याशी कायदेशीर नाते असो वा नसो, ही मिळकत मी त्यास व्यक्तिशः देत आहे.' हे शेवटचे वाक्य लिहिताना बाबांना वाईट वाटेल. माझ्या टेबलासमोर अशा वेळी डोळे पुसणारी माणसे मी पाहिली आहेत. पण कागदावर 'दत्तक नाही' म्हटल्याने मुलगा परका होत नाही. उलट 'दत्तक' असे खोटे लिहिले तरच तो अडचणीत येतो. सुनेबद्दलही हीच काळजी घ्या. तिला ती सून आहे म्हणूनच द्यायचे असेल तर तशी अट स्पष्ट लिहा. माणूस म्हणून द्यायचे असेल तर 'पुढे नाते बदलले तरी' असे शब्द घाला.

ज्यांना काही द्यायचे नाही त्यांचीही नावे घाला. मृत्युपत्राच्या सुरुवातीलाच एक परिच्छेद: माझी पत्नी, हयात मुले, मृत मुलगा आणि त्याचे वारस, सगळे पूर्ण नावानिशी. पुढे कुणाला वगळले असेल तर एका वाक्यात कारण. मृत्युपत्राला आव्हान देताना पहिला आरोप ठरलेला असतो, की म्हाताऱ्याला शुद्ध नव्हती, त्याला स्वतःची मुलेही आठवत नव्हती. सगळ्यांची नावे आणि नाती बिनचूक लिहिलेला परिच्छेद हे त्याला घरातूनच दिलेले उत्तर असते. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही पुतण्यांची नावे तिथेही येऊ द्या, मिळकत एकालाच द्यायची असली तरी.

आणखी एक शक्यता धरून ठेवा. लाभार्थी बाबांच्या आधी गेला तर? मुलगी आधी वारली आणि तिची मुले हयात असतील, तर कलम १०९ मुळे देणगी सहसा वाया जात नाही. पुतण्याला किंवा सांभाळलेल्या मुलाला ते संरक्षण नाही. त्यांना दिलेले कलम १०५ प्रमाणे परत मूळ मिळकतीत जाते. म्हणून त्यांच्या कलमात 'तो माझ्या आधी वारल्यास' असे म्हणून पुढचे नाव लिहा. तेही पूर्ण, 'त्याच्या मुलांना' असे मोघम नको. ही कलमे हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना लागू आहेत. मुस्लिम कुटुंबात मृत्युपत्राचे नियम वेगळे आहेत.

मसुदा तयार झाला की एक करा. घरातल्या सगळ्यांच्या आधार कार्डांच्या आणि शाळेच्या दाखल्यांच्या झेरॉक्स एका बाजूला ठेवा, आणि तुमच्या कुटुंबाशी ओळख नसलेल्या माणसाला, ऑफिसातल्या सहकाऱ्याला म्हणा हवे तर, मसुदा देऊन सांगा: प्रत्येक नावापुढे त्याची झेरॉक्स लाव. त्याने एकदाही 'हा कोणता?' म्हणून मान वर केली, तर ते कलम पुन्हा लिहायचे. दोन्ही पुतण्यांच्या झेरॉक्स त्या गठ्ठ्यात नक्की असू द्या.